नवीन खात्यावर मोठी रक्कम पाठवताना ती का अडते, हे आम्हाला आधी सांगा : आमच्या बँकेला हर्णै बंदरातून खुलं पत्र

मा. शाखाधिकारी साहेब, आणि वर हेड ऑफिसात बसून ॲपचे नियम ठरवणारे सगळे साहेब-मॅडम,

नमस्कार. बँकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण बंदरात चार जणांशी बोलले तर चौघांच्या बँका वेगळ्या आणि रडगाणं एकच निघालं. शाखेत अर्ज दिलाय, त्याची पोच पण आहे, पण उत्तर आलं ते "सिस्टिमनेच होल्ड केलंय मॅडम, आमच्या हातात काही नाही" एवढंच. मग म्हटलं सगळ्यांसमोरच लिहू, म्हणजे निदान दुसऱ्या कोणाचे पैसे असे मध्येच लटकणार नाहीत.

आमची एक ट्रॉलर आहे. समुद्रावर मालक जातात, हिशोब मी बघते. डिझेल, बर्फ, खलाशांची उचल, जाळ्यांचा खर्च सगळं माझ्या खात्यातून जातं. जून-जुलैच्या बंदीत होडी वर ओढलेली असते, तेव्हाच इंजिनाची कामं उरकायची असतात. यंदा इंजिन उघडलं तर मिस्त्री म्हणाला, हे आता नारळी पौर्णिमा काढेल पण दिवाळी नाही काढणार. एका व्यापाऱ्याकडे रिकंडिशन केलेलं इंजिन गिअरबॉक्ससकट ६ लाख ४० हजाराला ठरलं. मालकांनी स्वतः जाऊन ते चालू करून बघितलं, व्यापाऱ्याचं पक्कं बिल आलं, पैसे जमा झाले की शनिवारी रात्रीच्या ट्रकात माल चढवणार असं बोलणं झालं. खात्यात पैसे होते. अडचण एवढीच की त्या व्यापाऱ्याला आम्ही आधी कधी पैसे पाठवलेले नव्हते.

आता काय झालं ते क्रमाने सांगते, कारण तुमच्या कस्टमर केअरला हे दरवेळी पहिल्यापासून सांगावं लागतं आणि पूर्ण कोणी ऐकतच नाही.

शुक्रवारी दुपारी ॲपमध्ये त्याचा खाते नंबर आणि आयएफएससी टाकून नवीन बेनिफिशरी ॲड केला. खात्यावरचं नाव स्क्रीनवर दिसलं, बिलावरचंच होतं. (ही सोय चांगली आहे. एनईएफटी-आरटीजीएसला पैसे नुसत्या खाते नंबरावर जमा होतात, नाव तुम्ही काहीही टाइप करा, ते जुळवलं जात नाही. म्हणून रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना पाठवण्याआधी नाव दाखवायची सोय करायला सांगितली होती. ती फुकट असते, सगळ्यांनी वापरा.) अर्ध्या तासाने, चार वाजता, बेनिफिशरी ॲक्टिव्ह झाला. ६ लाख ४० हजार टाकले. "लिमिट एक्सीडेड." कुठलं लिमिट, किती, कधीपर्यंत, काही नाही. कस्टमर केअरला फोन लावला तेव्हा कळलं की नवीन बेनिफिशरीला पहिल्या २४ तासांत सगळे मिळून ५० हजारच जातात. ५० हजार पाठवले, लगेच गेले. राहिले ५ लाख ९० हजार.

त्याच फोनवर दुसरी गोष्ट कळली. २४ तास झाले तरी माझ्या ॲपचं रोजचं लिमिट २ लाखच आहे. हे लिमिट मी ठेवलेलं नाही, ॲप चालू केलं तेव्हा तुम्हीच ठेवलंय. वाढवून १० लाख करता येतं म्हणे. संध्याकाळी सहाला वाढवलं, तर मेसेज आला की वाढीव लिमिट २४ तासांनी लागू होईल. म्हणजे बेनिफिशरी शनिवारी चारला मोकळा होणार पण लिमिट शनिवारी सहाला. आणि तो चौथा शनिवार, शाखा बंद.

शनिवारी सहा वाजून गेल्यावर ५ लाख ९० हजार आरटीजीएसने टाकले. या वेळी एरर नाही. खात्यात एकूण बाकी तेवढीच, पण वापरता येण्यासारखी बाकी ५ लाख ९० हजारांनी कमी, आणि खाली "अंडर प्रोसेस". व्यापारी म्हणतो आले नाहीत, ॲप म्हणतं चाललंय. त्या संध्याकाळी पाऊस मुसळधार, लाइट दुपारपासून गेलेली, टॉवरची बॅटरी पण बसली होती बहुतेक, कारण रेंजची काडी येत-जात होती. रात्री दहाला रेंज आली तेव्हा एका अनोळखी नंबराचे मिस्ड कॉल दिसले आणि मागोमाग मेसेज, की तुमचा व्यवहार सुरक्षेच्या कारणाने रद्द केला आहे. पैसे परत मोकळे झालेले. लगेच पुन्हा टाकले, तर परत "लिमिट एक्सीडेड"! डोकं फिरायची वेळ. नंतर हिशोब लागला. रद्द झालेले ५ लाख ९० हजार पण त्या दिवशीच्या वापरात धरलेले होते, त्यात नवे ५ लाख ९० मिळवले की ११ लाख ८० हजार होतात आणि लिमिट १० लाख. एक रुपया गेलेला नाही पण दिवसाचं लिमिट संपलं.

रविवारी तारीख बदलली, लिमिट नवं मिळालं, पण आता बेनिफिशरीच ब्लॉक, "कृपया शाखेशी संपर्क साधा." सोमवारी शाखेत आरटीजीएसचा फॉर्म भरला, चेक दिला, काउंटरवरच्या मॅडमनी सही जुळवली, आणि चहा प्यायला जाऊन येईपर्यंत व्यापाऱ्याचा फोन आला की पैसे मिळाले. चार्ज ४९ रुपये ५० पैसे अधिक जीएसटी, म्हणजे ५८ रुपये ४१ पैसे. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण शनिवारचा ट्रक गेला तो गेला, पुढचा थेट बुधवारी. खलाशी येऊन बसले होते, त्यांचं जेवणखाण चालू, शेजारच्या होड्या पाण्यात उतरल्या आणि आमची अजून इंजिनाची वाट बघत किनाऱ्यावर.

आता साहेब, एक स्पष्ट सांगते. पैसे अडवू नका असं माझं म्हणणं अजिबात नाही. का अडवता ते मला माझ्या भाच्याने समजावलं, तो दुसऱ्या एका बँकेत आहे, आणि ते पटलं. तुम्ही मात्र कधीच समजावलं नाहीत म्हणून मीच इथे लिहिते.

भाचा म्हणाला, मावशी, एखाद्या चोराच्या हातात तुझ्या खात्याचा पासवर्ड आणि ओटीपी लागला तर तो काय करेल? पहिल्यांदा नवीन बेनिफिशरी ॲड करेल, मग लिमिट वाढवेल, मग होती नव्हती तेवढी रक्कम एका दमात पाठवेल. आणि तू शुक्रवार-शनिवारी काय केलंस? हेच, याच क्रमाने. कॉम्प्युटरला इंजिन दिसत नाही, बिल दिसत नाही. त्याला एवढंच दिसतं की या खात्यातून एरवी डिझेलचे पंचवीस-तीस हजार जातात आणि आज अचानक कधी न पाठवलेल्या माणसाला जवळजवळ सहा लाख चाललेत, ते पण सुट्टीच्या संध्याकाळी, आदल्याच दिवशी लिमिट वाढवून. म्हणून या पायऱ्यांवर मुद्दाम वेळ घालवलेला असतो. बेनिफिशरी ॲड झाला, लिमिट वाढलं, हे मेसेज खऱ्या मालकाने वाचावेत आणि मी केलेलं नाही म्हणून बँकेला कळवावं, यासाठी ते २४ तास.

आणि आधीच अडवायचं कारण असं की एकदा गेले की परत आणता येत नाहीत. आरटीजीएसमध्ये प्रत्येक व्यवहार एकेकटा तिथल्या तिथे पुरा होतो आणि तो फिरवता येत नाही. आयएमपीएस तर सेकंदांचं काम. एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या बॅचने जातं, तिथे पण बॅच निघाली की निघाली. फसवणारे लोक दुसऱ्याच कोणाच्या तरी भाड्याने घेतलेल्या खात्यावर पैसे मागवतात आणि आले की तिथून आणखी पाच-सहा खात्यांत पांगवतात, काही एटीएममधून काढतात. तुम्ही १९३० ला फोन करेपर्यंत पहिल्या खात्यात काही उरलेलं नसतं. शिवाय लोकं स्वतःच्या हाताने पाठवतात असा पण प्रकार आहे. कोणीतरी नेहमीच्या जाळीवाल्याच्या नावाने व्हॉट्सॲप करतो की आमचं जुनं खातं ऑडिटसाठी बंद आहे, या नव्या खात्यावर टाका. तिथे पासवर्ड चोरीला गेलेला नसतो, ओटीपी पण आपणच टाकलेला असतो, त्यामुळे नंतर बँक हात वर करू शकते. अशा वेळी मधले २४ तास मिळाले तर माणूस जुन्या नंबरावर फोन करून विचारतो तरी. म्हणून थांबवा. पण थांबवताना जे करता त्याबद्दल माझं भांडण आहे.

सगळ्यात आधी ते "लिमिट एक्सीडेड". साहेब, लिमिट एक नाहीये. एकाखाली एक लावलेल्या चार चाळण्या आहेत आणि सगळ्यात बारीक भोकाची जी असेल तिथे पैसे अडकतात. पहिली पैसे पाठवायच्या पद्धतीची : यूपीआयने माणसामाणसात साधारण दिवसाला १ लाख, आयएमपीएसने एका वेळी ५ लाख, आणि आरटीजीएसला उलटं, २ लाखाच्या खाली जातच नाही, वर मात्र रिझर्व्ह बँकेची मर्यादा नाही. दुसरी तुमच्या ॲपची कमाल मर्यादा. तिसरी माझ्या खात्याला लावलेलं रोजचं लिमिट. चौथी नवीन बेनिफिशरीची. "आरटीजीएसला लिमिट नाही" असं जे कानावर येतं ते पहिल्या चाळणीपुरतंच खरं आहे, बाकीच्या तीन तुमच्या, आणि त्यांचे आकडे प्रत्येक बँकेचे वेगळे. कोणाकडे पहिले चार दिवस बंधन, कोणाकडे एकच दिवस. ॲपला हे चारही आकडे माहीत असतात, त्याशिवाय तो अडवेल कसा? मग माहीत असून दाखवत का नाही?

त्यात घड्याळं पण दोन. रोजचं लिमिट रात्री बाराला नवं होतं, नवीन बेनिफिशरीचे २४ तास मात्र तो ॲक्टिव्ह झाल्यापासून मोजायचे. आमच्या बंदरात अर्ध्या लोकांना वाटतं की रात्री बारा वाजले की नवीन बेनिफिशरी पण मोकळा, मग मध्यरात्री जागून पैसे टाकत बसतात आणि परत तोच मेसेज. दुसरा समज असा की आधी एक रुपया पाठवून ठेवला की बेनिफिशरी जुना झाला. तसं काही नाही, निदान तुमच्याकडे तरी नाही. एक रुपया पाठवून खातं बरोबर आहे का ते कळतं, घड्याळ पुढे सरकत नाही.

तुमच्या कस्टमर केअरच्या मुलाने मला सल्ला काय दिला, तर "तुकडे करून पाठवा ना मॅडम." पहिल्या २४ तासांचे ५० हजार हे सगळे तुकडे मिळून आहेत, त्यामुळे दहाचे पाच करा नाहीतर पाचाचे दहा, बेरीज तीच. वर एकाच नव्या खात्यावर पाठोपाठ रकमा जाताना दिसल्या की तुमचीच सिस्टिम जास्त संशय घेते, असं भाच्याचं म्हणणं. आपल्याच बँकेचा माणूस आपल्याच बँकेत अडकेल असं सांगतो, याला काय म्हणायचं.

मग तो कन्फर्मेशनचा कॉल. वर्षभर तुमचेच मेसेज येतात की अनोळखी फोनवर माहिती देऊ नका. आणि स्वतः अनोळखी नंबरावरून फोन करता, तो उचलला नाही म्हणून व्यवहार रद्द. उचलला असता तरी मी काही बोलले असते की नाही, शंकाच आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्येच सांगितलंय की ग्राहकांना व्यवहाराचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच करा. मला आलेला तसा नव्हता. आणि रेंजचं काय? माझं निदान घर तरी जमिनीवर आहे. बंदरात कित्येकांचा बँकेला दिलेला नंबर तांडेलाच्या खिशात असतो आणि तांडेल खोल समुद्रात. तिथे तुमचा फोन लागणार कसा? किती वेळ वाट बघता, किती वेळा लावता, काहीच ठरलेलं दिसत नाही.

आणखी एक, "अंडर प्रोसेस". याचा अर्थ पैसे तुमच्याकडेच अडकलेत की पुढे गेलेत, हे कळायला काहीच मार्ग ठेवला नव्हतात. भाच्याने युक्ती सांगितली ती सगळ्यांसाठी लिहिते. पैसे खरोखर बँकेबाहेर पडले की यूटीआर नंबर तयार होतो, आरटीजीएसचा २२ अक्षर-आकड्यांचा, एनईएफटीचा १६ चा. ॲपमध्ये नुसता छोटा रेफरन्स नंबर दिसतोय आणि यूटीआर नाही, तर समजा पैसे अजून आपल्याच बँकेने धरून ठेवलेत आणि भांडण आपल्याच बँकेशी. यूटीआर आला असेल तर तो समोरच्याला द्यायचा, त्याने त्याच्या बँकेत दाखवायचा. आरटीजीएसचे पैसे पोचल्यापासून समोरच्या बँकेने अर्ध्या तासात खात्यात जमा करायचे असतात. त्या शनिवारी हे मला माहीत असतं तर व्यापाऱ्याला दहा फोन करून त्याचं डोकं खाल्लं नसतं. तो बिचारा पासबुक भरायला निघाला होता, पावसात.

तर मागण्या. फार नाहीत.

रक्कम अडली की कुठल्या लिमिटला अडली, आज किती जाऊ शकतात आणि उरलेले किती तारखेला किती वाजता जातील, हे त्याच स्क्रीनवर मराठीत दाखवा. बेनिफिशरी ॲड करतानाच पहिल्या २४ तासांचा आकडा समोर आला पाहिजे, तेव्हा कळलं तर माणूस दोन दिवस आधी तयारी करेल.

रद्द झालेला व्यवहार दिवसाच्या वापरातून लगेच वजा करा. पैसे गेले नाहीत तर लिमिट खर्च झालं कसं?

मोठी रक्कम पाठवायची आहे हे आधी कळवायची सोय द्या. शाखेत येऊन बिल दाखवून, सही करून, अमुक खात्यावर अमुक तारखेला अमुक रक्कम, असं नोंदवून ठेवता आलं पाहिजे. चोर काही शाखेत बिल घेऊन येत नाही. आणि नोंद करूनही होल्ड करायचंच असेल तर निदान फोन करणाऱ्याच्या समोर ती नोंद उघडलेली असू दे.

कन्फर्मेशनसाठी दुसरा नंबर घ्या, घरच्या माणसाचा. १६०० च्या नंबरावरूनच फोन करा, ओटीपी-पिन काही विचारू नका, आणि रद्द करायच्या आधी किती तास थांबणार ते मेसेजमध्ये लिहा. ॲपमध्येच "हो, मीच पाठवतेय" असं पिन टाकून सांगायची सोय दिलीत तर रेंज येईल तेव्हा करता येईल, फोनची वाट बघत अंगणात उभं राहायला नको.

आणि शाखेतल्या लोकांना हे शिकवा. शुक्रवारी चारला शाखा चालू होती हो! तेव्हाच फोनवर कोणी म्हणालं असतं की मॅडम, ॲपचं लिमिट सोडा, चेक घेऊन आत्ता या, काउंटरवरून आरटीजीएसला ॲपची ही लिमिटं लागत नाहीत, तर मी रिक्षा करून पोचले असते आणि इंजिन शनिवारच्या ट्रकात चढलं असतं. तुमच्याकडे उपाय होता आणि तो सांगितला गेला नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलंय.

बंदरातल्या बाकीच्यांना एवढंच, की इंजिन, जाळी, जमीन काहीही घ्यायचं ठरलं तर बोलणी चालू असतानाच बेनिफिशरी ॲड करून ठेवा आणि स्वतःचं रोजचं लिमिट ॲपमध्ये उघडून बघा. काम झालं की लिमिट परत खाली आणा, कमी करायला सहसा थांबावं लागत नाही. दुसरा-चौथा शनिवार कॅलेंडरवर बघून मगच माल उचलायचा वार ठरवा. खाते नंबर व्हॉट्सॲपवर आला असेल तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर फोन करून तोंडी खात्री करा.

साहेब, अर्जाची पोच माझ्याकडे आहे. ३० दिवसांत लेखी उत्तर आलं नाही किंवा आलं ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाकणार आहे, त्याला पैसे पडत नाहीत आणि वकील पण लागत नाही. उत्तर मराठीत द्या, आणि "सिस्टिम" हा शब्द सोडून द्या.

आपली खातेदार,
हर्णै बंदरातली एक होडीवाली
ता. दापोली, जि. रत्नागिरी